टेस्टरचा रेझ्युमे एका क्यूए जाहिरातीसमोर ठेवून तपासताना: कामाच्या नोंदी

११ जानेवारी २०२५, शनिवार

मावसबहिणीचा रेझ्युमे हातात आला. ती साडेचार वर्षं एका सर्व्हिस कंपनीत टेस्टर आहे, पहिल्यापासून विम्याच्या एकाच क्लायंटच्या प्रकल्पावर. सुरुवातीची दोन वर्षं सगळं मॅन्युअल, नंतर ऑटोमेशन. तिला पुण्यातल्या एका प्रॉडक्ट कंपनीच्या क्यूए जाहिरातीला अर्ज करायचाय. मी टेस्टरच्या मुलाखती घेतो, त्यामुळे समोरच्या खुर्चीतून हा कागद कसा दिसतो ते बघायचं काम माझ्याकडे आलं. आणखी कुणी असंच काम करायला बसलं तर उपयोग होईल म्हणून नोंदी ठेवतोय.

जाहिरातीत मागण्या पुष्कळ आहेत, पण ‘आवश्यक’ या शीर्षकाखाली मुख्य तीन: जावा-सेलेनियम-टेस्टएनजीवर ऑटोमेशन फ्रेमवर्कचं काम, त्यात एपीआय ऑटोमेशनही, टेस्ट डिझाइनची तंत्रं वापरता येणं, आणि जिरामध्ये डिफेक्ट शेवटपर्यंत नेता येणं. जेनकिन्स आणि एसक्यूएल यांचा ओझरता उल्लेख आहे. जेमीटर आणि प्लेराइट ‘असल्यास उत्तम’मध्ये आहेत, त्यांच्याकडे सध्या बघायचं नाही असं ठरवलं.

वहीत तीन रकाने आखले. पहिल्यात जाहिरातीतलं वाक्य, दुसऱ्यात त्याला उत्तर देणारं रेझ्युमेतलं वाक्य, तिसऱ्यात ‘विचारलं तर काय सांगशील’. दुसरा रकाना भरभरून वाहतोय. तिसरा जवळपास कोरा.

वाचायच्या आधी एक तपासणी केली. रेझ्युमे दिसायला देखणा आहे, कारण तो तिने एका रेझ्युमे करून देणाऱ्या सेवेकडून २,४९९ रुपये देऊन बनवून घेतलाय. दोन कॉलम, डावीकडे टूल्सचे रंगीत लोगो, प्रत्येकाखाली कौशल्य दाखवणारी पट्टी. पीडीएफमधून नुसता मजकूर काढला:

```
pdftotext -layout resume.pdf -
```

लोगो ही चित्रं असल्यामुळे सेलेनियम, टेस्टएनजी, जिरा हे शब्द कौशल्यांच्या यादीतून साफ गायब. भरतीचं सॉफ्टवेअर शब्द शोधतं ते याच मजकुरात. शिवाय ‘जावा ८० टक्के’ या पट्टीचा अर्थ मला कुणी आजवर सांगू शकलेलं नाही. सगळं एका कॉलममध्ये, साध्या अक्षरांत पुन्हा टाइप करायला सांगितलं. तिचा अख्खा दिवस त्यात गेला आणि पैसे वाया गेले ते गेलेच.

१२ जानेवारी, रविवार

आज ऑटोमेशनची ओळ. मूळ रेझ्युमे इंग्रजीत आहे, इथे मराठीत सांगतो: ‘३००हून अधिक टेस्ट केसेस ऑटोमेट केल्या, ८० टक्के ऑटोमेशन कव्हरेज साधलं.’

मी विचारलं, ८० टक्के कशाचे? सगळ्या टेस्ट केसेसचे, रिग्रेशनमधल्या, की कोडच्या ओळींचे?

“अरे दादा, टीममध्ये सगळेच असं लिहितात.”

सगळेच लिहितात, म्हणून तर मुलाखतीत हाच प्रश्न पहिला येतो. आठवड्यात ऑफिसमध्ये मोजून ये म्हटलं. कोड बाहेर आणायचा नाही, क्लायंटचं नाव कुठेही लिहायचं नाही, फक्त आकडे.

```
grep -r "@Test" src/test/java | wc -l
grep -r "enabled = false" src/test/java | wc -l
git shortlog -sn -- src/test/java
```

१८ जानेवारी, शनिवार

आकडे आले. प्रकल्पात एकूण २१२ ऑटोमेटेड टेस्ट. त्यांपैकी ३१ बंद करून ठेवलेल्या, म्हणजे चालतात त्या १८१. तिच्या हातच्या त्यातल्या ६४. शेवटच्या कमांडने फक्त कुणाचे किती कमिट ते कळतं, टेस्ट कुणी लिहिली ते नाही. म्हणून हा ६४चा आकडा तिने फाइल उघडून मोजला.

३०० आले कुठून, तर टीमच्या एका सादरीकरणातून. तिथे एकाच टेस्टला डेटा प्रोव्हायडरमधून पाच ओळी दिल्या की त्या पाच टेस्ट धरल्या होत्या. हे मोजणं चूक नाही, पण तिला ते माहीत नव्हतं. मुलाखत घेणाऱ्याने ‘तीनशेंची विभागणी सांगा’ म्हटलं असतं तर गाडी तिथेच थांबली असती.

६४ आकडा लहान वाटतो म्हणून ती नाराज. मला तो मोठा वाटतो. अडीच वर्षांत, मॅन्युअलचं काम सांभाळून, प्रीमियम काढणं आणि प्रस्ताव भरणं या दोन मॉड्यूल्सच्या ६४ टेस्ट, आणि त्या रोज रात्री जेनकिन्सवर चालतात. त्यातल्या कुठल्याही टेस्टबद्दल ती दहा मिनिटं बोलू शकते, हे महत्त्वाचं. ८० टक्के काढून टाकले. त्या जागी लिहिलं: रिग्रेशनच्या २४० मॅन्युअल केसेसपैकी या दोन मॉड्यूल्सच्या ७८, त्यातल्या ६४ ऑटोमेट केल्या. उरलेल्या १४ का नाही, हे तिला तोंडपाठ आहे: काहींत ओटीपी, काहींत सही केलेला कागद अपलोड करून माणसाने मंजूर करायची पायरी. कुठे ऑटोमेशन करायचं नाही हे सांगता येणं हाही या मागणीचा भाग आहे, आणि तो रेझ्युमेत फार कमी दिसतो.

१९ जानेवारी, रविवार

दुसरी ओळ: ‘हायब्रीड फ्रेमवर्क शून्यातून डिझाइन आणि विकसित केलं.’

हे खरं नाही. फ्रेमवर्क आधीच्या एका सीनियरने उभं केलं होतं आणि ती त्यात नंतर आली. पण खोदत गेल्यावर ‘शून्यातून’पेक्षा कितीतरी चांगली गोष्ट निघाली, आणि ती रेझ्युमेत कुठेच नव्हती.

रात्रीच्या रनला २ तास ५० मिनिटं लागायची. कुणीतरी टेस्टएनजीच्या फाइलमध्ये `parallel="methods"` आणि `thread-count="4"` टाकलं आणि दुसऱ्या दिवशी निम्म्या टेस्ट लाल. फेल होण्यात काही सूत्र नव्हतं. तीच टेस्ट एकटी चालवली की पास. स्क्रीनशॉट बघितले तर एका टेस्टचं नाव दुसऱ्याच टेस्टच्या फॉर्ममध्ये टाइप झालेलं. टीमने चारच दिवसांत समांतर रन बंद करून टाकला.

हिने कारण शोधलं. बेस क्लासमध्ये ड्रायव्हर `static WebDriver driver` असा होता. स्टॅटिक म्हणजे सगळ्या थ्रेडना मिळून एकच. दुसऱ्या थ्रेडने नवा ब्राउझर उघडला की पहिल्याच्या हातातला ड्रायव्हर बदलतो आणि पुढची क्लिक भलत्याच खिडकीत जाते. तिने तो असा केला:

```java
private static final ThreadLocal<WebDriver> DRIVER = new ThreadLocal<>();
```

आता प्रत्येक थ्रेडला स्वतःचा ड्रायव्हर. `@BeforeMethod`मध्ये `set()`, `@AfterMethod`मध्ये आधी `quit()` आणि मग `remove()`.

एवढ्यावर भागलं नाही. ड्रायव्हर वेगळे झाले तरी काही टेस्ट मधूनच लॉगिनच्या पानावर फेकल्या जायच्या. सगळ्या टेस्ट एकाच विमा एजंटच्या खात्याने लॉगिन करत होत्या, आणि अ‍ॅप्लिकेशन दुसरं लॉगिन झालं की पहिलं सेशन तोडायचं. अ‍ॅप्लिकेशन बरोबरच वागत होतं, आमच्या डेटाची वाटणी चुकीची होती, असं ती म्हणाली. तिने चार खाती मागवून घेतली आणि थ्रेडगणिक एक वाटून दिलं. खाती मिळायलाच दोन आठवडे गेले.

शेवटी रन ५५ मिनिटांवर आला. चार थ्रेड असून वेळ चौथाई झाली नाही, कारण प्रस्ताव मंजूर होण्याच्या काही टेस्ट एकामागून एकच चालवाव्या लागतात.

हे सगळं दोन ओळींत बसवायला आम्हाला दुपार लागली. अखेरचं रूप: ‘आधीपासूनच्या सेलेनियम-टेस्टएनजी फ्रेमवर्कमध्ये समांतर रन सुरू केला, सामायिक ड्रायव्हर थ्रेडगणिक वेगळा केला, लॉगिन खात्यांची वाटणी केली, रात्रीचा रन २ तास ५० मिनिटांवरून ५५ मिनिटांवर आणला.’ यात ‘आधीपासूनच्या’ हा शब्द तिला नको होता. मी अडून बसलो. तो शब्द वाचणाऱ्याला सांगतो की ही दुसऱ्याचा कोड वाचून दुरुस्त करू शकते, आणि नव्या कंपनीत पहिल्या दिवसापासून तेच करायचं असतं.

फेल झालेली टेस्ट आपोआप पुन्हा चालवणारा रिट्राय त्यांच्याकडे आहे. तो रेझ्युमेत ‘स्थिरता वाढवली’ म्हणून आला होता, तो काढला. रिट्रायने रिपोर्ट हिरवा होतो, टेस्ट स्थिर होत नाही.

२५ जानेवारी, शनिवार

टेस्ट डिझाइन. जाहिरात स्पष्ट म्हणते: इक्विव्हॅलन्स पार्टिशनिंग, बाउंड्री व्हॅल्यू, डिसिजन टेबल. रेझ्युमे म्हणतो: ‘टेस्ट केसेस लिहिल्या, चालवल्या, आढावा घेतला.’ खाली आयएसटीक्यूबी फाउंडेशनचं प्रमाणपत्र. प्रमाणपत्रावरून व्याख्या येतात एवढं कळतं, वापरता येतात की नाही ते कळत नाही.

मी म्हटलं, विमा घेणाऱ्याचं वय १८ ते ६५, तपास. तिने लगेच १७, १८, १९ आणि ६४, ६५, ६६ असे आकडे लिहिले. पुस्तकात शोभणारं उत्तर. पण त्यांच्या फॉर्ममध्ये वय टाइपच करत नाहीत. जन्मतारीख टाकतात, आणि पॉलिसी सुरू होण्याची तारीख. म्हणजे सीमा वर्षांवर नाही, दिवसावर आहे. अठराव्या वाढदिवसाचा आदला दिवस, तो दिवस आणि दुसरा दिवस, असं बघायला हवं. वरच्या टोकाला तर आधी प्रश्नच विचारावा लागतो: ६५ म्हणजे ६५वा वाढदिवस उलटला की बाद, की ६६व्याच्या आदल्या दिवसापर्यंत चालेल? गरजांच्या दस्तऐवजात ‘कमाल ६५’ एवढंच असलं तर दोन्ही वाचनं शक्य आहेत.

हे बोलता बोलता ती थांबली आणि म्हणाली, “अरे, यातलाच माझा एक बग होता. २९ फेब्रुवारीचा.”

जानेवारी २०२२मध्ये तिने जन्मतारीख २९ फेब्रुवारी २००४ आणि पॉलिसीची सुरुवात २८ फेब्रुवारी २०२२ अशी जोडी टाकून बघितली होती. स्क्रीनने पात्र म्हणून पुढे जाऊ दिलं, प्रीमियमही दाखवला. शेवटच्या पायरीवर मागच्या सर्व्हिसने ‘वय कमी’ म्हणून प्रस्ताव परत पाठवला. कारण दोन ठिकाणी दोन प्रकारे वय काढलं होतं. आज घरी जेशेलमध्ये करून बघितलं:

```java
import java.time.*;
LocalDate.of(2004,2,29).plusYears(18)
// 2022-02-28
Period.between(LocalDate.of(2004,2,29), LocalDate.of(2022,2,28)).getYears()
// 17
```

जावाची एकच लायब्ररी, एकच माणूस, एकच दिवस. जन्मतारखेत १८ वर्षं मिळवली तर २०२२मध्ये २९ तारीख नसल्याने ती २८वर येते, म्हणजे माणूस त्या दिवशी १८चा. दोन तारखांमधलं अंतर मोजलं तर २८ हा २९पेक्षा लहान, म्हणून अठरावं वर्ष पुरं होत नाही, उत्तर १७. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत. कुठली धरायची हे डेव्हलपर ठरवू शकत नाही, ते व्यवसायाने सांगायला हवं. त्यांच्याकडून १ मार्च धरा असं उत्तर आलं आणि दोन्हीकडे एकच हिशोब झाला.

असा डिफेक्ट जेमतेम दीड वर्षाच्या अनुभवाच्या माणसाने शोधला, आणि रेझ्युमेत मात्र ‘टेस्ट केसेस चालवल्या’. मला खरंच राग आला.

नवी ओळ: ‘वयाच्या अटीसाठी जन्मतारीख व पॉलिसीची तारीख यांवर सीमामूल्यं काढली, २९ फेब्रुवारीला जन्मलेल्यांसाठी स्क्रीन आणि सर्व्हिस यांच्या हिशोबातला फरक रिलीजआधी पकडला.’ डिसिजन टेबलसाठी वैद्यकीय तपासणी लागते की नाही, हा नियम घेतला: वयोगट, विमा रक्कम, तंबाखू, या तीन गोष्टींवर ते ठरतं. ती तक्ता कागदावर मांडून दाखवू शकते, तेवढं पुरे. स्टेट ट्रान्झिशनचा उल्लेख होता, पण प्रकल्पातलं उदाहरण निघेना. काढला.

२६ जानेवारी, रविवार

डिफेक्ट ट्रॅकिंग. ‘जिरामध्ये ५००हून अधिक डिफेक्ट नोंदवले.’ पुन्हा तोच रोग. यावेळी मात्र ती आधीच मोजून आली होती.

```
reporter = currentUser() AND issuetype = Bug
reporter = currentUser() AND issuetype = Bug AND resolution = "Cannot Reproduce"
reporter = currentUser() AND issuetype = Bug AND status WAS "Reopened"
```

शेवटची ओळ त्यांच्या वर्कफ्लोमध्ये त्या नावाची स्थिती आहे म्हणून चालते. रिझोल्यूशनची नावंही प्रत्येक कंपनीत वेगळी असतात, आधी ती बघून घ्यावीत.

एकूण ३४०. त्यांतले ३८ डुप्लिकेट, २९ ‘पुन्हा घडवता आलं नाही’ म्हणून बंद. तिला वाटलं हे लपवायला हवं. मी त्या २९ उघडून वाचायला लावले. तेवीस पहिल्या वर्षाचे. वर्णन असं: ‘प्रीमियम चुकीचा दिसतो.’ कुठला बिल्ड, कुठली जन्मतारीख, किती रक्कम, काही नाही. डेव्हलपरने वेगळ्या तारखेने बघितलं, बरोबर दिसलं, बंद केलं. दुसऱ्या वर्षापासून तिने प्रत्येक बगमध्ये बिल्ड क्रमांक, टाकलेला नेमका डेटा, आलेला आकडा, अपेक्षित आकडा आणि तो कुठल्या दस्तऐवजाच्या कुठल्या कलमावरून काढला, हे लिहायला सुरुवात केली. पुढच्या साडेतीन वर्षांत असे सहाच.

आकडा रेझ्युमेत घातला नाही, कारण बगची संख्या जास्त असणं हे टेस्टरचं यश की डेव्हलपरचं अपयश, यावर वाचणारा वेगळाच विचार करू लागतो. ‘बगच्या नोंदीत बिल्ड, डेटा आणि अपेक्षित निकालाचा आधार देण्याची पद्धत टीममध्ये रुळवली’ एवढं लिहिलं. २३ आणि ६ हे आकडे तोंडी सांगायला ठेवले.

सिव्हिरिटी आणि प्रायॉरिटी यांतला फरक विचारतातच. कंपनीचा लोगो चुकला म्हणजे सिव्हिरिटी कमी, प्रायॉरिटी जास्त, हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता कान बधिर होतात. तिच्याकडे स्वतःचं आहे. लीप वर्षाचा डिफेक्ट: स्क्रीनने पात्र ठरवलेला ग्राहक शेवटच्या पायरीवर नाकारला जातो म्हणून सिव्हिरिटी मोठी, पण झळ पोहोचणारी माणसं मोजकी आणि तारीख वर्षातून एकच, म्हणून इतर महिन्यांत प्रायॉरिटी कमी. जानेवारीत सापडला आणि रिलीज फेब्रुवारीत होतं, म्हणून ती वर गेली.

२ फेब्रुवारी, रविवार

उरलेलं खिंडार: एपीआय ऑटोमेशन. रेझ्युमेत रेस्ट अशुअर्ड लिहिलेलं आहे, हाताखालून गेलंय फक्त पोस्टमन. दोन पर्याय होते, काढून टाकणं किंवा खरं करणं. जाहिरातीत ते ‘आवश्यक’मध्ये असल्यामुळे दुसरा घेतला. सरावासाठी `restful-booker` नावाचा सार्वजनिक एपीआय आहे, हॉटेल बुकिंगचा. टोकन घेणं, बुकिंग तयार करणं, बदलणं, काढणं, एवढ्या टेस्ट तिने आठवडाभर संध्याकाळी बसून लिहिल्या.

बुकिंग डिलीट करण्याची टेस्ट फेल झाली. तिने २०० अपेक्षित धरलं होतं, सर्व्हरने २०१ दिलं. तिने काय केलं? २०० खोडून २०१ लिहिलं. टेस्ट हिरवी, पुढे चला.

इथे मी थांबवलं. २०१ म्हणजे काहीतरी नवीन तयार झालं. काहीतरी काढून टाकल्यावर २०१ येणं विचित्र आहे. पण त्या एपीआयच्या दस्तऐवजात डिलीटला २०१ येतं असंच लिहिलंय. मग हा बग आहे का? दस्तऐवजाच्या आधारे नाही, एचटीटीपीच्या संकेताच्या आधारे आहे. टेस्ट २०१वर ठेवायची, आणि नोंद वेगळी करायची की दस्तऐवजातलंच वर्तन संकेताला धरून नाही. नुसता आकडा बदलला असता तर उद्या कंपनीच्या एपीआयमध्ये खरा बग असाच हिरवा झाला असता. विम्याच्या बगमध्ये अपेक्षित निकालाचा आधार लिहायला जी शिकली, तिच्याकडून ऑटोमेशनमध्ये तोच आधार सुटला. कोडमध्ये शिरलं की टेस्टरपण गळून पडतं, असं मी इतरांतही बघितलंय.

रेझ्युमेत हे अनुभवात नाही, ‘स्वतःचा सराव’ या वेगळ्या मथळ्याखाली गेलं, कोडच्या दुव्यासकट.

८ फेब्रुवारी, शनिवार

अर्ज गेला. दोन पानांचा रेझ्युमे दीड पानावर आला. जेमीटर कुठेच नाही. एसक्यूएलची ओळ ‘प्रीमियमच्या टेबलांवर जॉइन लावून स्क्रीनवरचा आकडा पडताळणं’ एवढीच, कारण तिने तेवढंच केलंय.

१९ फेब्रुवारी, बुधवार

फोनवरची पहिली फेरी झाली, ४० मिनिटं. त्यातली निम्मी वेळ समांतर रनवर. `remove()` का, `quit()` पुरत नाही का, असं विचारलं. हे तिने उत्तम सांगितलं: थ्रेड पुन्हा वापरला जातो, त्यामुळे बंद झालेल्या ब्राउझरचा जुना संदर्भ त्याच्याशी चिकटून राहतो, आणि ड्रायव्हर आहे की नाही हे आधी तपासणारा कोड तोच मेलेला ड्रायव्हर हातात देतो.

अडली ती वेगळ्या ठिकाणी. ‘५५ मिनिटांचा रन आणखी खाली आणायचा तर काय कराल?’ तिने थ्रेड वाढवू म्हटलं. समोरच्याने विचारलं, आणि एकामागून एक चालणाऱ्या टेस्टचं काय? प्रस्ताव तयार करण्याच्या पायऱ्या ब्राउझरऐवजी एपीआयने करून फक्त मंजुरीचं पान सेलेनियमने तपासता येईल, हे तिला फोन ठेवल्यावर सुचलं. एपीआय आणि स्क्रीन या दोन गोष्टी रेझ्युमेत वेगवेगळ्या मथळ्यांखाली होत्या आणि तिच्या डोक्यातही तशाच राहिल्या.

पुढची फेरी सोमवारी आहे, समोर बसून कोड लिहायचा. `restful-booker`ला स्क्रीन नाही, म्हणून तोवर एपीआय आणि स्क्रीन दोन्ही असलेल्या दुसऱ्या सरावाच्या बुकिंग साइटवर एक टेस्ट अशीच लिहायला सांगितली आहे: बुकिंग एपीआयने तयार करायचं, पडताळणी ब्राउझरमध्ये.